अधोमुख श्वानासन: टाच टेकवायच्या नादात मनगटं दुखवून घेऊ नका

अधोमुख श्वानासनात मनगट दुखतं म्हणून कुणी वर्गात आलं की मी आधी त्यांच्या मनगटाकडे बघत नाही, गुडघ्यांकडे बघते. बहुतेक वेळा चित्र तेच असतं. गुडघे ताठ, कंबर गोल, खांदे पुढे मनगटांवर आलेले आणि टाचा जमिनीला लावायची जिवापाड धडपड. सूर्यनमस्कारात याच स्थितीला पुष्कळ जण पर्वतासन म्हणतात, तिथेही हेच दिसतं. दुखणं मनगटात असतं, पण त्याचं कारण मांडीच्या मागच्या बाजूला असतं, आणि हे ऐकायला कुणी तयार नसतं. लोकांना मनगटाचा पट्टा हवा असतो, जाड मॅट हवी असते, मलम हवं असतं. गुडघे वाकवा म्हटलं की चेहरे उतरतात.

टाच टेकलीच पाहिजे हा हट्ट

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून ती नीट समजावून सांगते.

मांडीच्या मागचे स्नायू, ज्यांना हल्ली सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते वर बैठकीच्या हाडांपासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली पोटरीच्या हाडांना जाऊन चिकटतात. म्हणजे ते खुबा आणि गुडघा हे दोन्ही सांधे ओलांडतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे हे स्नायू आखडलेले असतात. गुडघे ताठ ठेवून माणूस कंबरेत वाकला की ते दोन्ही टोकांनी ताणले जातात. खालचं टोक हलत नाही, मग ते वरच्या टोकाला, म्हणजे बैठकीच्या हाडांना, खाली ओढतात. कटी मागे कलंडते, कंबर गोल होते. नितंब वर आणि मागे जायला वाव उरत नाही, त्यामुळे धड पुढे ढकललं जातं आणि त्याचा भार तळहातांवर येतो. त्यातच खांदे मनगटांच्या वर सरकले की मनगट काटकोनाच्या जवळ दुमडतं. भार वाढला आणि दुमडही वाढली, तर मनगट दुखणारच.

गुडघे वाकवले की हेच सगळं उलट घडतं. स्नायूचं खालचं टोक ढिलं पडतं, कटी पुढे झुकू शकते, कंबर लांब होते, नितंब मागे जातात आणि भार पायांकडे सरकतो. टाचा मात्र आणखी उचलल्या जातात. तिथेच लोकांचा जीव अडकतो.

आमच्या वर्गातल्या एका काकांची गोष्ट सांगते. बँकेतून निवृत्त झालेले, रोज पहाटे फिरायला जाणारे, अंगाने काटक. रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घालायचे असं त्यांनी ठरवलं आणि घरीच एका ऑनलाइन शिबिराबरोबर सराव सुरू केला. तिथे सांगितलं गेलं की टाच टेकल्याशिवाय आसन पूर्ण होत नाही. काकांची टाच टेकेना. मग त्यांनी एक पळवाट काढली, जी मी नवशिक्यांत नेहमी बघते. पाय चालवत हातांच्या जवळ आणले. पाय जवळ आले की नडगी उभी होते, घोट्याला कमी वाकावं लागतं आणि टाच टेकते. पण खुब्यातून आणखी खोल वाकावं लागतं, आणि त्यांचे आखडलेले स्नायू तेवढं देत नव्हते. ती सगळी कसर त्यांची पाठ भरून काढत होती. शिवाय टाचा खाली दाबताना ते खांदे पुढे रेटत होते.

माझ्याकडे आले तेव्हा उजव्या हाताने दुधाचं पातेलं उचलतानाही त्यांना कळ येत होती. आसन करून दाखवा म्हटलं. त्यांनी केलं, टाचा टेकल्या होत्या, आणि पाठीला चांगला बाक आला होता.

"ताई, टाच टेकली ना?" त्यांनी खालूनच विचारलं.

मी त्यांना गुडघे टेकून उतरायला सांगितलं आणि घरातला वजनकाटा आणला. एका हाताखाली काटा, दुसऱ्या हाताखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं. आधी त्यांच्या पद्धतीने आसन करायला लावलं आणि आकडा वाचला. मग पाय मागे नेले, गुडघे भरपूर वाकवले, टाचा वर, पोट मांड्यांच्या जवळ, आणि हातांनी जमीन पुढे ढकलत नितंब मागे. आकडा सावकाश दोन-अडीच किलोंनी उतरला. तेही एकाच हाताखाली.

यात काही जादू नाही, साधा हिशोब आहे. समजा माणसाचं वजन ६० किलो आहे आणि हात-पायांमधलं अंतर १२० सेंटीमीटर. शरीराच्या भाराचा मध्य १० सेंटीमीटर मागे सरकला, तर १२० मधले १० म्हणजे बारावा हिस्सा भार हातांवरून पायांवर जातो. ६० चा बारावा हिस्सा ५ किलो. दोन हातांत वाटले तर अडीच-अडीच. शिवाय खांदे मनगटांपासून मागे गेल्यामुळे मनगटाची दुमड कमी होते, तो फायदा काट्यावर दिसतही नाही. आता सूर्यनमस्कारात ही स्थिती एकदा तरी येते, म्हणजे १०८ नमस्कारांत ती १०८ वेळा येणार. काकांचं मनगट का बोललं ते त्यांनाही मग पटलं.

पटलं तरी रुचलं नाही. "गुडघे वाकवून केलं तर नमस्कार मोजायचा का?" हा त्यांचा प्रश्न होता. मी म्हटलं, काका, पाठ सरळ असेल तर मोजा, पाठ गोल असेल तर टाच टेकूनही मोजू नका. दोन आठवडे मी त्यांना तळहातांवर भार द्यायलाच मनाई केली. स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून, मागे चालत जाऊन, कंबरेत वाकून तोच आकार करायला लावला. १०८ चा बेत त्या वर्षापुरता सोडायला लावला, रथसप्तमीला त्यांनी १२ घातले, गुडघे वाकवून. ते नाराज होते. त्यांची टाच आजही टेकत नाही आणि मनगट दुखत नाही.

मी गुडघे कसे वाकवायला लावते

हात आणि गुडघे टेकून सुरुवात. तळहात खांद्यांच्या किंचित पुढे, गुडघे खुब्यांखाली. पायाची बोटं आत वळवून गुडघे उचला, पण सरळ करू नका. आधी पोट मांड्यांकडे आणा आणि बैठकीची हाडं वर-मागे पाठवा. पाठ लांब झाली की मगच एक गुडघा थोडा सरळ करा, अगदी सावकाश, मग दुसरा. कंबर गोल व्हायला लागते तो क्षण पकडा आणि तिथून एक बोटभर मागे या. तुमचं आजचं आसन तेवढंच. पाच श्वास थांबा, खाली या. मला आरशापेक्षा कंबरेवर आडवी ठेवलेली हलकी लाकडी पट्टी आवडते, शेजारच्याला ठेवायला सांगा. मणक्यात मधे खोलगट जागा आहे तोवर ठीक, मणके पट्टीला टोचायला लागले की गुडघे पुन्हा वाकवा.

इथेच एक परीक्षा होऊन जाते. गुडघे वाकवल्यावर पाठ सरळ झाली तर अडचण मांडीच्या मागच्या स्नायूंची होती. गुडघे पुरते वाकवूनही वरची पाठ गोलच राहिली आणि कान दंडांच्या रेषेत येत नसतील, तर आखडलेले खांदे आहेत. अशांनी ओट्यावर किंवा भिंतीवर हात ठेवूनच काही दिवस काढावेत. त्यांना जमिनीवर रेटण्यात काही अर्थ नाही.

स्नायू मोकळे करायचं काम मी या आसनावर सोपवतच नाही. ते पाठीवर झोपून करायचं. एक पाय वर, तळव्यावरून ओढणी किंवा पट्टा, गुडघा हवा तर थोडा वाकलेला, प्रत्येक पायाला एक-एक मिनिट. सुप्त पादांगुष्ठासन. तिथे मनगटावर भार नाही, पाठीला जमिनीचा आधार आहे. रोज केलं तर महिन्यांनी फरक पडतो, दिवसांनी नाही. ज्यांना आठवड्यात टाच टेकवायची असते ते श्वानासनात टाचा वर-खाली झटके देत बसतात. झटक्याने स्नायू उलट स्वतःला आवळून घेतो.

ताण कुठे जाणवतो तेही बघा. मांडीच्या मागे मधोमध जाणवला तर चालेल. अगदी वर, बैठकीच्या हाडाशी टोचत असेल तर थांबा. तिथे स्नायूची दोरी हाडाला जोडलेली असते, ती दुखावली तर महिनोन् महिने बसणंही कठीण होतं.

तळहाताची मागची कड दाबणं

भार मागे गेला तरी उरलेला हातांवर राहतोच, आणि तो बहुतेक जण मनगटाशेजारच्या उंचवट्यावर टाकून देतात, करंगळीच्या बाजूला जास्तच. बोटं नुसती पसरलेली, निर्जीव. माझी सवय अशी: बोटं फाकवा, मनगटाची घडी मॅटच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा, तर्जनी आणि अंगठ्याचं मूळ जमिनीत दाबा, बोटांची टोकं हलकेच रोवा. नीट जमलं की बोटांच्या पेरांत काम जाणवतं आणि तळहाताची मागची कड हलकी होते. ती क्षणभर उचलून बघता आली तर भार योग्य जागी आहे. उचलताच तोल पुढे गेला तर नितंब अजून मागे गेलेले नाहीत.

जाड, मऊ मॅट घेऊन मनगट वाचत नाही. तळहाताची मागची कड फोममध्ये रुतते आणि मनगट आणखी दुमडतं. कडक, पातळ मॅट घ्या. तरीही टोचत असेल तर मॅटची कड दोन-तीनदा दुमडून उंचवट्याखाली घ्या, बोटं खाली जमिनीवर. तेवढ्या उतारानेही दुमड कमी होते.

बाकीच्या चुका

कोपरं उलटी जाईपर्यंत ताणू नका, कणभर वाक राहू द्या. मान उचलून समोर बघू नका. दोन हात खांद्यांपेक्षा जवळ ठेवू नका. टाचा हवेत बेचैन वाटत असतील तर त्या भिंतीला टेकवा किंवा खाली लाकडी वीट घ्या, मी स्वतः वीट देते. तेल लावून आंघोळ केल्यावर लगेच आसनाला येऊ नका, हात घसरतात आणि सावरताना मनगटच मुरगळतं.

रक्तदाब आटोक्यात नसेल, काचबिंदू असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर डोकं खाली न करता ओट्याचाच प्रकार करा. आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर तो चुकीच्या आसनाचा साधा थकवा समजू नका. मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. तळहातांवरची सगळी आसनं बंद करा आणि डॉक्टरांना हात दाखवा, गुडघे वाकवायचा सराव तोवर ओट्याशी चालू ठेवता येतो, तोही तळहाताऐवजी कोपरापासूनचा हात ओट्यावर टेकवून.