घरच्या घरी कार्टूनचे डायलॉग रेकॉर्ड करायचेत? आधी खोली गप्प करा

अ‍ॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि पात्राचे ओठ नंतर त्या आवाजावर हलवतात, म्हणजे रेकॉर्डिंग खराब निघालं आणि पुन्हा केलं तर लिपसिंक पण पुन्हा करा. त्यात मागचा घुंsss आवाज सॉफ्टवेअरने थोडाफार कमी होतो, पण खोलीचा घुमारा आवाजाला असा चिकटतो की धड निघत नाही. म्हणून माइक विकत घ्यायच्या आधी खोलीचं बघा.

खोलीच्या मधे उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. मागे टण्ण असा आवाज राहिला तर ती खोली चालणार नाही. आपल्याकडे खाली टाइल्स, भिंती उघड्या आणि कोपऱ्यात लोखंडी आलमारी, हे तिन्ही आवाज परत फेकतात. आलमारी उघडी ठेवा, आतले कपडे आवाज पितात. खाली सतरंजी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जाड रजई तुमच्या पाठीमागे लटकवा. लोक माइकच्या मागे लावतात, पण माइकचं तोंड तुमच्याकडे असतं ना, त्याला तुमच्या मागच्या भिंतीवरून येणारा आवाजच जास्त ऐकू जातो. फोनला तर चहूबाजूंनी ऐकू येतं, त्याच्या मागे पण एक गादी उभी करा. परत टाळी वाजवा, आता ती नुसती टप् अशी यायला पाहिजे.

आता कूलर. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करायचा म्हणजे शिक्षाच, पण चालू ठेवून काम होत नाही. बंद केल्यावर पण खसच्या ताट्यांमधून टाकीत पाणी टपकत राहतं, ते थांबेपर्यंत थांबा. शेजाऱ्याचा कूलर ज्या बाजूला आहे ती खोली सोडा, आतली घ्या. पहाटे शांत वाटतं पण उन्हाळ्यात कोकिळा सुरू होते आणि ती डायलॉगच्या बरोब्बर मधे येते, त्यापेक्षा रात्री उशिराचं बरं. फोन एअरप्लेन मोडवर टाका.

फोनचा माइक खाली चार्जिंगच्या भोकाजवळ असतो, ती बाजू तुमच्याकडे. अंतर एक वीत, पण तोंडासमोर नाही, थोडा बाजूला. मराठीत फ, भ, ख, ठ म्हणताना हवा सुटते, तोंडापुढे तळहात धरून "भाऊ, फटाका फुटला" म्हणा, लगेच कळेल. तीच हवा माइकवर आदळली की धप्प ऐकू येतं. अ‍ॅपमध्ये WAV चा पर्याय असेल तर तोच घ्या आणि 48000 Hz ठेवा. ब्लूटूथ इअरफोनचा माइक वापरू नका, त्यातून आवाज फोन कॉलसारखा चपटा येतो.

समजा सीनमध्ये एक ऑटोवाले काका आणि एक खारूताई आहे. काका ओरडतात, "अबे सरक ना बाजूले!" आणि खारूताई कुजबुजते, "काका, हळू बोला ना." लेव्हल आधी ओरडण्यावर लावा, मीटर सगळ्यात जोरात असताना पण -6 dB च्या वर जायला नको. शून्याला टेकला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. मग सगळी ओरडायची वाक्यं एका दमात उरका, त्यानंतर लेव्हल वाढवून, वीतभर अंतरावरूनच कुजबुज घ्या. फोनमध्ये लेव्हल कमी होत नसेल तर ओरडताना दीड-दोन हात मागे सरका, पण लांब गेलं की खोली जास्त ऐकू येते, तिथे ती रजई कामी येते. काकांची काही वाक्यं दुसऱ्या दिवशी घ्यायची असतील तर खालच्या फरशीवर टेप चिकटवून ठेवा, अंतर बदललं की तेच काका दुसऱ्या खोलीतून बोलल्यासारखे वाटतात.

शेवटी दहा सेकंद कोणीच काही न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवा. ऑडॅसिटीत तेवढा भाग सिलेक्ट करून Noise Reduction मध्ये Get Noise Profile दाबा, मग सगळं सिलेक्ट करून 6 dB लावा. जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, ते आधी स आणि श वर कळतं, म्हणून हेडफोन लावून तीच अक्षरं ऐका. श्वास कापू नका, अ‍ॅनिमेटरला छाती कधी फुगवायची ते त्यावरूनच समजतं. प्रत्येक वाक्याची वेगळी WAV फाइल काढा आणि नाव असं ठेवा, म्हणजे कोणता सीन, कोणतं पात्र, कितवं वाक्य आणि कितवा टेक ते न ऐकताच कळतं:

```
sc02_kaka_014_t3.wav
```