कंबरेचा एमआरआय वाचून वाकणं बंद केलंत? या चुका टाळा

वडगावातले एक मामा, वय ४७, माग चालवतात. आमच्याकडे आले ते आधी टेबलावर फिल्मचा लिफाफा ठेवला आणि मग एक हात कंबरेवर धरून हळूच बसले. पट्टा शर्टावरूनच बांधलेला. आठ महिने कंबर दुखतेय. "मॅडम, गादी सरकलीय. भाच्यानं मोबाईलवर अर्थ बघितला, डिजनरेशन म्हणजे सडणं म्हणे." त्या दिवसापासून मामांनी वाकणं सोडलं होतं. पाण्याची कळशी बायको उचलायची, पडलेली कांडी शेजारच्या मागावरचा पोरगा उचलून द्यायचा.

फिजिओथेरपी करताना बेळगाव, खानापूर, निपाणीकडची अशी माणसं मला रोज भेटतात. दुखणं खरं असतं, त्यात शंका नाही. चूक होते ती त्यानंतर.

पहिली चूक: अहवाल म्हणजे निकाल समजणं

मामांच्या अहवालात एल-४ एल-५ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज म्हणजे गादीचा फुगवटा होता, खालच्या दोन गाद्यांमधलं पाणी कमी झालं होतं आणि मज्जारज्जूच्या पिशवीवर हलका दाब होता. वाचायला भयंकर वाटतं. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या धडधाकट माणसांपैकी ८० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्क्यांना बल्ज होता. विशीतसुद्धा ३७ टक्क्यांना झीज होती. म्हणजे मामांच्या गल्लीतले त्यांच्या वयाचे दहा जण मशिनीत घातले, तर निम्म्यांहून जास्त जणांचा अहवाल असाच येईल, आणि त्यांतले बरेच जण मजेत कामाला जात असतील. डोक्यावरचा केस पांढरा व्हावा तसं हे वयाचं काम. 'डिजनरेशन' म्हणजे झीज. सडणं नव्हे.

बरं, हा निकाल तरी सगळीकडे सारखा लागतो का? अमेरिकेत कंबर आणि पाय दुखणाऱ्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा तीन आठवड्यांत दहा ठिकाणी एमआरआय केला गेला. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे दोष निघाले आणि दहाही अहवालांत असलेला दोष एकही नव्हता. आपल्याकडे बेळगावात एक काढून, "मिरजेला दाखवून बघू" म्हणत दुसरा काढतात, आणि दोन्ही जुळले नाहीत की माणूस आणखी घाबरतो.

म्हणून फिल्म बाजूला ठेवून मी मामांना टाचांवर चालवलं, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर धरायला सांगून खाली दाबून बघितला. ताकद होती, बधिरपणा नव्हता, दुखणं गुडघ्याखाली उतरत नव्हतं. नस दबून पाय लुळा पडतोय असं एकही लक्षण नाही.

तपासणी खरोखर लागते ती वेगळ्या वेळी. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बैठकीची जागा बधिर होणं किंवा पाऊल उचलता न येणं, यांत त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं (आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही), पूर्वीचा कॅन्सर, किंवा ठिसूळ हाडं असताना पडणं, यांतही लवकर डॉक्टरांना दाखवावं. पायात उतरणारी कळ महिना-दीड महिना हटत नसेल आणि ऑपरेशनचा विचार असेल, तर एमआरआय कामाचा.

दुसरी चूक: कंबरेला काचेसारखं जपणं

पट्टा, फळीवरची झोप, वाकणं बंद. कुणी पायाळू माणसाकडून लाथही मारून घेतलेली असते. ताज्या उसणीला दोन-चार दिवसांत आपोआप आराम पडतो आणि श्रेय लाथेला जातं, ते असो. आठ महिन्यांच्या दुखण्याचं मात्र तसं नाही. न वापरलेले स्नायू ढिले पडतात, कंबर ताठ धरून ठेवल्यानं सतत आवळलेली राहते आणि मग साधं वाकणंही दुखतं. माणसाला वाटतं, बघा, गादी खराबच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांतही जुन्या कंबरदुखीला व्यायाम आणि माहिती सुचवली आहे. पट्टे आणि कंबर ओढण्याचं ट्रॅक्शन सुचवलेलं नाही.

तिसरी चूक: 'खास' व्यायाम शोधत बसणं

योगासनं, पोटाचे व्यायाम, वजनं, चालणं, यांतला एकच खात्रीनं सरस ठरलेला नाही. जो आठवड्यातून तीन-चारदा होतो आणि हळूहळू वाढतो, तो कामाचा. मामांना जिमचं नाव काढलं असतं तर परत आलेच नसते. त्यांना आम्ही बादली दिली.

आधी नुसतं वाकायला शिकवलं: दोन्ही हात भरलेत, मागचं दार कुल्ल्यानं ढकलायचंय असं समजा. कुल्ले मागे, गुडघे थोडे सैल. मग स्टुलावर चार लिटर पाण्याची बादली, म्हणजे चार किलो. आठ वेळा उचलायची, ठेवायची, थोडं थांबून असे तीन फेरे, दिवसाआड. दर आठवड्याला लिटर-दोन लिटर पाणी वाढवायचं, मग स्टूल काढून पाट आणि शेवटी जमीन. जोडीला उताणं झोपून कुल्ले उचलणं. चालायला लागल्यावर दहाव्या मिनिटाला त्यांचं दुखणं वाढायचं, म्हणून सुरुवात सात मिनिटांची, येळ्ळूर रस्त्यानं सकाळी. तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवायची.

दुखणं मोजायचं आण्यांत. व्यायाम करताना रुपयातले चार-सहा आणे दुखलं तर चालतं, दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी पाणी कमी.

चौथी चूक: बरं वाटलं की भरपाई करणं, दुखलं की सगळं बंद

पाचव्या आठवड्यात गणपती आले. मामा खुशीत. विसर्जनाची मिरवणूक बेळगावात रात्रभर चालते, तेही रात्रभर उभे, आणि सकाळी तांदळाचं २५ किलोचं पोतं एकटे उचलून घरात. दुपारी बारा आणे. फोन आला, "मॅडम, गादी परत सरकली."

गादी सरकली नव्हती. सहा किलोवरून एकदम पंचवीस, तेही झोपेविना. पायाची ताकद फोनवरच विचारून घेतली, मग तीन दिवस सगळं निम्मं केलं: निम्मं पाणी, निम्मं चालणं. शून्य मात्र नाही. आठव्या दिवशी ते परत सहा लिटरवर आले. हा झटका पट्ट्याविना ओसरला, तेव्हा भीती जास्त गेली. माझ्या सगळ्या बोलण्यानं गेली नव्हती एवढी.

बाराव्या आठवड्यात जमिनीवरून पंधरा लिटर आणि तीस मिनिटं चालणं. दुखणं अजून आहे, संध्याकाळी चार आणे. कांडी स्वतः उचलतात, कळशीही.

आता चालणं सोडू नका म्हणून सांगितलंय. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या या माणसांपैकी हळूहळू चालणं वाढवणाऱ्या गटात पुन्हा दुखायला मध्यक २०८ दिवस लागले, उरलेल्यांत ११२. मामांनी आकडा ऐकला आणि विचारलं, "मग पावसाळ्यात काय करायचं?" मागाच्या शेडमध्ये दोन ओळींमधून चकरा मारायच्या, असं ठरलंय.