पाकिटावरचा १४ आकडी परवाना क्रमांक कसा तपासावा

खाद्यपदार्थाच्या पाकिटामागे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची fssai ही खूण असते आणि तिच्याखाली किंवा शेजारी एक लांबलचक क्रमांक असतो. बहुतेक जण खूण दिसली की पाकीट पिशवीत टाकतात. पण नुसती खूण कुणीही छापू शकतो. तपासायचा असतो तो क्रमांक, आणि त्याला फोनवर दोन-तीन मिनिटं पुरतात.

आधी आकडे मोजा. ते १४ असायला हवेत. कधीकधी १७ आकडे छापलेले आढळतात. तो बहुधा अर्जाचा क्रमांक असतो, म्हणजे परवाना मागितला आहे, मिळालेला असेलच असं नाही. पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्रासाठी १५, आणि केंद्रीय परवाना असेल तर तिथे ००. त्यानंतरचे दोन आकडे परवाना दिल्याचं वर्ष सांगतात. म्हणजे ११५१९ ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्रात २०१९ मध्ये दिलेल्या परवान्याचा. या १९ वरून मुदत कधी संपते ते मात्र कळत नाही.

आता foscos.fssai.gov.in हे संकेतस्थळ उघडा. तिथे FBO Search मध्ये क्रमांक टाका, पडद्यावर दिसणारी अक्षरं भरा आणि शोधा. Food Safety Connect या ॲपमध्येही हे करता येतं. नोंद सापडली म्हणून लगेच थांबू नका. खरी तपासणी इथून सुरू होते, कारण बनावट पाकिटावर खोट्या क्रमांकाऐवजी दुसऱ्याच कुणाचा तरी खरा क्रमांकही छापलेला असू शकतो.

समजा, हळदीच्या पाकिटावर पुण्यातल्या उत्पादकाचा पत्ता आहे आणि क्रमांक २१५ ने सुरू होतो. शोधल्यावर नाव निघतं दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका किराणा दुकानाचं, व्यवसायाचा प्रकार किरकोळ विक्री. क्रमांक खरा आहे, चालूही आहे, तरी या पाकिटाला तो लागू नाही. म्हणून तीन गोष्टी जुळवून पाहाव्यात: नाव, पत्ता आणि व्यवसायाचा प्रकार. किरकोळ विक्रीची नोंदणी असलेल्याला त्यावर मसाला दळून पाकिटबंद करून विकता येत नाही.

नाव जुळलं नाही म्हणून लगेच फसवणूक समजू नये. पाकिटावर दोन क्रमांकही असतात: एक ब्रँडच्या मालकाचा, दुसरा जिथे माल तयार झाला किंवा भरला गेला त्या जागेचा. परदेशी मालावर आयातदाराचा असतो. कोणत्या क्रमांकाशेजारी कोणतं नाव आहे ते पाहून मगच जुळवा. परवान्याची मुदत संपलेली दिसली तर पाकिटावरची उत्पादनाची तारीखही बघा. माल तयार झाला तेव्हा परवाना चालू असेल तर गोष्ट वेगळी.

दुकान, हॉटेल किंवा मिठाईवाल्याकडे परवाना किंवा नोंदणीचा कागद दर्शनी जागी लावलेला असायला हवा. तो दिसला नाही तर बिल बघा. १ जानेवारी २०२२ पासून खाद्य व्यावसायिकाने बिलावर हा क्रमांक छापणं बंधनकारक आहे. इथे पत्ता जास्त नीट पाहा, कारण परवाना जागेपुरता असतो. एकाच नावाची दोन दुकानं असतील तर दोघांचे क्रमांक वेगळे हवेत.

सगळं जुळलं, तर काय कळलं? एवढंच, की हा व्यवसाय सरकारदरबारी नोंदलेला आहे, कुठे चालतो ते माहीत आहे आणि काही बिघडलं तर कुणाला जाब विचारायचा ते ठरलेलं आहे. हे कमी नाही. पण तुमच्या हातातलं पाकीट कुणी प्रयोगशाळेत तपासलं आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. छोट्या व्यावसायिकाची नोंदणी तर अनेकदा जागेची पाहणी न होताच मिळते. भेसळ, शिळेपणा, दुकानात उन्हात ठेवलेलं दूध यांपैकी काहीही क्रमांकावरून कळत नाही. पदार्थ पौष्टिक आहे की नाही, हेही तो सांगत नाही. त्यामुळे वापरण्याची शेवटची तारीख, फुगलेलं किंवा फाटलेलं पाकीट, वास आणि रंग हे पाहायलाच हवं. परवाना चालू असलेल्या कंपनीचं पाकीट फुगलेलं असेल तर ते घेऊ नका.

क्रमांक सापडलाच नाही, तर एखादा आकडा चुकला का ते पुन्हा बघा. तरीही न मिळाल्यास Food Safety Connect वर किंवा जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करा. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि बिल जोडा. पाकीट फेकू नका. उत्पादकाचा माग काढायला त्यावरचा बॅच क्रमांक अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला लागतो.