जिम सोडून गेलेले सदस्य परत कसे आणावेत: फोनची वेळ आणि सवलतीचा हिशेब

वार्षिक पॅकेज मार्चमध्ये संपणारा सदस्य बहुतेक वेळा ऑगस्टपासूनच जिममध्ये आलेला नसतो. त्यामुळे सोडून गेलेल्यांची यादी पॅकेज संपल्याच्या तारखेवरून न करता हजेरीच्या मशीनवर शेवटचा अंगठा लागला त्या तारखेवरून करावी. गेल्या वर्षभरातील नावे घ्यावीत आणि त्यातून गाव सोडून गेलेले, तसेच पुन्हा संपर्क करू नका असे सांगून गेलेले सदस्य वगळावेत.

उरलेल्या नावांचे तीन गट करावेत. पहिल्या गटात नियमित येणारे आणि एकाएकी थांबलेले, दुसऱ्यात पहिल्या महिन्यापासूनच तुरळक येणारे आणि तिसऱ्यात तक्रार करून गेलेले सदस्य असावेत. गट ठरवताना रिसेप्शनवरच्या माणसाच्या आठवणीवर विसंबू नये, हजेरी उघडून पाहावी.

वेळेबाबत माझे मत पक्के आहे. सर्वांत स्वस्त फोन पॅकेज चालू असतानाचा असतो. आठवड्यातून चार दिवस येणारा माणूस सलग दहा-बारा दिवस दिसला नाही, की ट्रेनरने त्याच दिवशी फोन करावा, कारण तेव्हा सवलत द्यावी लागत नाही आणि कारणही ताजे असते. पॅकेज संपून गेले असेल, तर पहिला फोन आठवड्याच्या आत आणि दुसरा साधारण दीड महिन्याने करावा. त्यानंतर मात्र हंगामाची वाट पाहावी. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आयांना मे महिन्यात फोन करून उपयोग नसतो. जूनच्या मध्याला शाळा सुरू झाल्यावर आठवडाभराने केला, तर सकाळी दहाची बॅच भरते. गणपती ते दिवाळी या काळात कोणाच्याही मागे लागू नये. भाऊबीज झाल्यावर चार-पाच दिवसांनी सुरुवात करावी, कारण फराळ संपत आलेला असतो आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई समोर दिसत असते. जानेवारीत जुन्यांना बोलावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. त्या महिन्यात नवे लोक आपणहून येतात, ट्रेनर त्यांच्यात अडकतात आणि परत आलेल्या माणसाकडे कोणी पाहत नाही.

खरी अडचण सवलत ठरवताना येते. मी इथे दोन वर्षे चुकत होतो, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. नाशिकमध्ये जिम सुरू केल्यानंतर तिसऱ्या वर्षी मी सोडून गेलेल्या सर्वांना निम्म्या शुल्काचा संदेश पाठवला. लोक आले, गल्ला भरला आणि मला ती मोहीम यशस्वी वाटली. दोन आठवड्यांत ती बातमी कपडे बदलण्याच्या खोलीतून चालू सदस्यांपर्यंत पोहोचली. एक काका सहा वर्षे वेळेवर पूर्ण शुल्क भरत होते. पावती टेबलावर ठेवून ते मला म्हणाले, "मीही तीन महिने घरी बसायला हवे होते का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी कित्येकांनी मुदत संपल्यावर मुद्दाम पैसे भरले नाहीत आणि ते सवलतीची वाट पाहत राहिले.

दुसरी चूक हिशेबाची होती. परत आलेल्यांपैकी काही जण फोन न करताही येणारच होते, हे मी धरलेच नव्हते. समजा, तीन महिन्यांचे पॅकेज 4,500 रुपयांचे आहे आणि यादीत 100 नावे आहेत. त्यांतील 20 नावे चिठ्ठ्या टाकून बाजूला ठेवावीत आणि त्यांना काहीही कळवू नये. उरलेल्या 80 पैकी 16 जण आले आणि बाजूला ठेवलेल्या 20 पैकी 2 जण आपणहून आले, तर त्या हिशेबाने 80 पैकी 8 जण तसेही येणार होते आणि मोहिमेमुळे फक्त 8 आले. काहीच केले नसते, तर त्या आठ जणांचे पूर्ण शुल्काने 36,000 रुपये जमा झाले असते. निम्म्या शुल्कात, म्हणजे 2,250 रुपयांत, 16 जण घेतले तरी जमा 36,000 रुपयेच होते. पैसा तेवढाच आला आणि गर्दी मात्र दुप्पट झाली. तेच 16 जण 1,000 रुपयांच्या सवलतीवर आले असते, तर 56,000 रुपये जमा होऊन 20,000 रुपये खरे वाढले असते. लहान जिममध्ये 20 नावांवरून एकदम निष्कर्ष काढू नये, कारण एखाद-दुसऱ्या माणसाने आकडा हलतो. दोन-तीन हंगामांचे आकडे एकत्र करून मगच पाहावे.

म्हणून मी आता शुल्क कमी करण्याचा विचार सर्वांत शेवटी करतो आणि गटानुसार देऊ करण्याची गोष्ट बदलतो. नियमित येऊन थांबलेल्या माणसाचे बहुधा काहीतरी अडलेले असते: गुडघा दुखावलेला असतो, शिफ्ट बदललेली असते किंवा घरी आजारपण असते. त्याच्या न वापरलेल्या महिन्यांपैकी एक-दोन महिने नव्या पॅकेजला जोडून द्यावेत. आपले पैसे बुडाले ही त्याची बोच त्याने जाते, आणि चालू सदस्यांनाही त्यात अन्याय दिसत नाही, कारण तीच सोय त्यांनाही मिळू शकते. तुरळक येणाऱ्याला वार्षिक पॅकेज स्वस्तात मुळीच विकू नये, तो पुन्हा गायब होईल. त्याला एका महिन्याचे पॅकेज पूर्ण दरात द्यावे आणि आठवड्यातले दोन दिवस ठरावीक ट्रेनरबरोबर बांधून द्यावेत. तक्रार करून गेलेल्याला सवलत देऊ करणे हा त्याचा अपमान आहे. आधी ट्रेडमिल दुरुस्त करावी, मग दुरुस्त झाली एवढेच कळवावे.

एसएमएस आणि व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवर मी अवलंबून राहत नाही. सवलतीच्या एसएमएससाठी दूरसंचार कंपन्यांकडची डीएलटी नोंदणी आणि मंजूर मजकूर लागतो, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही. फोन करावा, आणि तो त्या सदस्याला शिकवणाऱ्या ट्रेनरनेच करावा. नोकरदारांना संध्याकाळी सातनंतर, गृहिणींना सकाळी अकराच्या सुमारास. बोलणे इतके साधे असावे: "ताई, तुमचा गुडघा आता कसा आहे? स्क्वॉट्स थांबवले होते ना आपण? गुरुवारी साडेदहाला मी आहे, वीस मिनिटे या, गुडघ्यावर ताण येणार नाही असे वेळापत्रक बसवून देतो." पैशांचा विषय त्या भेटीत काढावा, फोनवर नव्हे.

परत आलेला सदस्य पहिल्याच दिवशी जुने वजन उचलायला जातो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे अंग असे धरते की जिना उतरवत नाही, आणि तो पुन्हा येत नाही. पहिले दोन आठवडे जुन्या वजनाच्या निम्म्यावरच ठेवावे आणि ते त्याच्या कार्डावर लिहून ट्रेनरची सही घ्यावी. मोहिमेचा आकडाही पावत्यांवरून न धरता चौथ्या आठवड्यात किती जणांचा अंगठा लागला त्यावरून धरावा.

हंगामी फोन दोनदा करावा. दोन्ही वेळा नकार आला, की नाव यादीतून काढावे आणि ट्रेनरला तसे स्पष्ट सांगावे, नाहीतर तो पुढच्या दिवाळीनंतर त्याच माणसाला पुन्हा फोन लावतो.