सीआरपद सोडताना भाषण करताय? मग या चुका टाळा

वर्ष संपलं की जुना सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, पुढे येतो, दोन शब्द बोलतो, नवीन सीआरला पुढे बोलावतो, टाळ्या, विषय संपला. दिसायला एवढंच असतं. पण त्या दोन मिनिटांत खरं काम एकच व्हायला हवं, ते म्हणजे वर्गाला तुमच्याकडे बघायची जी सवय लागलीये ती नव्या माणसाकडे वळली पाहिजे. बहुतेक भाषणं नेमकी इथेच गंडतात, आणि बोलणारा मनाने चांगला असतो तरी गंडतात.

आधी एक नमुना बघा, थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच असतो:

"नमस्कार मित्रांनो, हे वर्ष माझ्यासाठी खूप शिकवणारं होतं. मी सबमिशनच्या तारखा वाढवून घेतल्या, मी ट्रिप अरेंज केली, रात्री दोनला पण मी तुमच्या मेसेजला रिप्लाय दिला. आता ही जबाबदारी हिच्याकडे जातेय. सोपं नाहीये हं हे काम! पण ती हुशार आहे, मेहनती आहे, माझ्यापेक्षाही भारी करेल, यावर्षी ट्रिप तर दोन दिवसांची करेलच. आणि टेन्शन घेऊ नका, काही लागलं तर मी आहेच."

ऐकायला गोड आहे, वाईट एक शब्द नाही. तरी यात चार गोष्टी चुकल्यात.

पहिली चूक, भाषण निरोपाचं झालं. नवीन सीआरचा उल्लेख यायला अर्धं भाषण गेलं, आणि तोही "हिच्याकडे" म्हणून, नाव कुठेच नाही. तपासायचं असेल तर सोपं आहे, ड्राफ्टमधले सगळे "मी" पेनने गोल करा आणि तिचं नाव किती वेळा आलंय ते मोजा. "मी" जास्त निघाले तर स्वतःच्या कामाची यादी काढून टाका. वर्गाला ती माहीतच असते हो, तेच तर वर्षभर ग्रुपवर होते.

दुसरी चूक, कौतुक नुसत्या विशेषणांचं आहे. हुशार, मेहनती हे कोणाबद्दलही म्हणता येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोक्यात काहीच राहत नाही आणि जिला म्हणताय तिला पण कळतं की हे फॉर्मॅलिटीचं आहे. आणि "माझ्यापेक्षा भारी करेल" हे तर कौतुक नाहीच, ती तुलना आहे, उद्या तिची पहिली सूचना उशिरा आली की लोक लगेच म्हणणार, कुठे गेलं भारी? त्यापेक्षा तुम्ही स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगा, एकच, ज्यात तिने सीआर नसताना सीआरसारखं काही केलं होतं. असा प्रसंग आठवतच नसेल तर तिच्या बेंचवरच्या मैत्रिणीला विचारा, पण बनवून सांगू नका, वर्गात कोणीतरी असतंच ज्याला खरं माहीत असतं. आणि तो प्रसंग सगळ्यांसमोर सांगितलेला चालेल का हे तिला आधी विचारून घ्या, काही जणांना चांगली गोष्टसुद्धा चारचौघांत सांगितलेली आवडत नाही.

तिसरी चूक, तिच्या वतीने दिलेलं वचन. दोन दिवसांची ट्रिप! टाळ्या पडणार, शिट्ट्या पडणार, पण परवानगी, पैसे, सोबत येणारे शिक्षक हे सगळं जमवायचं तिने आणि नाही जमलं तर शिव्या पण तिलाच. तुम्ही तोपर्यंत मोकळे. जे पुढचं आहे ते तिने बोलायचं, तुम्ही नाही.

चौथी चूक सगळ्यात गोड दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते: "मी आहेच". हे वाक्य वर्गाला उद्देशून म्हटलं की त्याचा अर्थ होतो की खरा सीआर अजून मीच आहे. मग होतं काय, लोक तुम्हालाच मेसेज टाकतात, तुम्ही सवयीने उत्तर देता, कधी तिच्या सूचनेपेक्षा वेगळं उत्तर देता, आणि महिनाभरात वर्गात दोन सीआर होतात. मदत करायची असेल तर जरूर करा, पण ते तिला एकटीला सांगा, वर्गाला नाही. भाषण फसलंय की नाही हे पुढच्या आठवड्यात कळतंच, उद्या लेक्चर आहे का असा मेसेज तुमच्याकडे येतोय की तिच्याकडे हे बघा. तुमच्याकडे आला तर उत्तर माहीत असलं तरी देऊ नका, "तिला विचार" एवढंच.

आता तेच भाषण दुरुस्त करून (रिकाम्या जागी अर्थातच तिचं नाव):

"वर्षभर सांभाळून घेतलंत, थँक्यू. आता आपली नवीन सीआर, ___. दोन पेपर एकाच दिवशी आले होते तेव्हा आपण सगळे ग्रुपवर भांडत बसलो होतो, आणि ___ दोन्ही विषयांच्या सरांना भेटून कोणाचा पेपर हलू शकतो ते विचारून आली होती. मी फक्त पत्र नेऊन दिलं. सीआरचं काम हेच असतं आणि ते ती आधीपासून करतेय. आजपासून सूचना ___ कडून येतील, अडचण पण तिलाच सांगा, माझ्याकडे आलात तर मी तिच्याकडेच पाठवणार. आणि ___, सुरुवातीला कोणीतरी म्हणेल की आधी असं नव्हतं. खुशाल सांग की आता असं आहे. वेलकम!"

शेवटची दोन-तीन वाक्यं तिच्याकडे वळून बोला, बाकी वर्गाकडे बघून. हे एक मिनिटाच्या आत बसतं आणि खरं सांगायचं तर पुरतं. फार तर दोन मिनिटं, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचून बघा, मनात वाचलं की वेळ नेहमी कमीच वाटतो.

निवडणूक अटीतटीची झाली असेल तर मतांचा विषयच काढू नका. "एकमताने" म्हणाल तर खोटं, आणि "ज्यांनी मत दिलं नाही त्यांनीही साथ द्या" म्हणाल तर दोन गट तुम्हीच स्टेजवरून जाहीर केले. जो हरला तो समोरच बसलेला असतो, त्याच्यावर जोक तर अजिबात नको.

वर्गाला झापायचा मोह पण होतो, की कोणी वेळेवर पैसे देत नाही, सूचना कोणी वाचत नाही वगैरे. खरं असेल, पण तुम्ही जाताना राग काढणार आणि चिडलेला वर्ग तिच्या वाट्याला येणार. राहिलेली वर्गणी, अर्धवट अर्ज, कोणत्या कामाला कोणाकडे जायचं हे सगळं लिहून तिच्या हातात द्या, भाषणात नको. ग्रुपचं ॲडमिनपद भाषणाआधीच देऊन टाका म्हणजे त्याच संध्याकाळी पहिली सूचना तिच्याकडून जाईल.

आयत्या वेळी काही बिघडलं तर? सरांनी अचानक "बोल रे दोन शब्द" म्हटलं तर थँक्यू, तिचं नाव आणि एक प्रसंग, आजपासून तिच्याकडे जा, एवढ्या तीन गोष्टी बोलून खाली बसा. गळा दाटून आला तर थांबा, पाणी प्या, आणि आठवणींचा भाग सोडून थेट तिच्या नावावर या. वर्गात गोंधळ असेल तर आवाज चढवून प्रसंग सांगू नका, तो वाया जातो, आधी तिला पुढे बोलवा, नवीन माणूस पुढे आला की लोक बहुतेकदा गप्प होतात. फक्त पुढे बोलवणार आहात हे तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि तिला बोलायचं नसेल तर माईक तिच्या हातात देऊ नका.