एसी लवकर कट होतोय किंवा थांबतच नाही? रूम सेन्सर तपासताना या चुका टाळा

तक्रार अशी होती: एसी 24 वर लावला की सहा-सात मिनिटांत बाहेरचं मशीन बंद पडतं. आतला पंखा फिरत राहतो, हवा साधी येते, आणि खोली काही केल्या 27 च्या खाली जात नाही. आधी येऊन गेलेल्या माणसाने गॅस कमी असल्याचं सांगून गॅस भरला होता. चार दिवसांनी दुसऱ्याने पुन्हा तेच केलं. मी गेलो तेव्हा घरातल्या काकूंनी दारातच सांगितलं, "गॅसचं नाव काढणार असाल तर आत येऊ नका."

त्यांचं बरोबर होतं. गॅस कमी असलेला एसी सहसा उलटा वागतो. तो ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही, म्हणून तासन् तास चालत राहतो. खोली गरम असताना मशीन स्वतःहून कट होतंय, म्हणजे खोली गार झाली असा त्याचा समज झालाय. हा समज करून देतो तो रूम सेन्सर. इनडोर युनिटच्या पुढच्या जाळीमागे, आत येणाऱ्या हवेच्या वाटेत, दोन बारीक तारांच्या टोकाला बसवलेला हा मण्याएवढा काळा थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि तापमान उतरलं की वाढतो. पीसीबी तो रेझिस्टन्स वाचून खोलीचं तापमान ठरवते. तार पूर्ण तुटली किंवा शॉर्ट झाली तर बहुतेक एसी एरर कोड दाखवतात. पण सेन्सर नुसताच चुकीचं सांगत असेल, तर पीसीबीच्या लेखी सगळं ठीक असतं. कोड येत नाही आणि संशय गॅसवर जातो.

पहिली चूक: थर्मामीटर न लावता निदान करणं

साधा डिजिटल थर्मामीटर इनडोर युनिटच्या वर, हवा आत खेचली जाते तिथे ठेवा. पलंगाजवळ किंवा टेबलावर नको, कारण सेन्सरला तिथली हवा लागतच नाही. एसी कूल मोडवर 24 ला लावा आणि बाहेरचं मशीन कट होईल त्या क्षणी आकडा बघा.

24 च्या एक-दोन अंश इकडेतिकडे असेल तर सेन्सरला दोष देऊ नका. छताजवळची हवा जास्त गरम असते म्हणून बऱ्याच कंपन्या प्रोग्राममध्येच थोडा फरक धरतात. आकडा 27-28 असताना कट होत असेल तर सेन्सर किंवा त्याची जागा, यांपैकी काहीतरी बिघडलंय. उलट, आकडा 20 च्या खाली गेला तरी मशीन थांबत नसेल तरीही तेच. आणि मशीन थांबत नाही पण आकडाही 27 च्या खाली उतरत नाही, तर सेन्सरचा काही संबंध नाही. तिथे फिल्टर, गॅस, नाहीतर खोलीच्या मानाने लहान पडणारा एसी, हे बघायचं.

इन्व्हर्टर एसीत हे थोडं लपून राहतं. तिथे कॉम्प्रेसर पूर्ण बंद न होता वेग कमी करतो, त्यामुळे 'कट होतो' असं न जाणवता 'हवा गार येईनाशी होते' असं जाणवतं.

थांबतच नसलेल्या मशीनबाबत आणखी एक गोष्ट आधी करून बघा. रिमोटवर फॅन मोड लावा आणि पाच मिनिटं थांबा. तरीही कॉम्प्रेसर चालूच राहिला, तर सेन्सर निर्दोष आहे. साध्या एसीत बहुतेक वेळा पीसीबीवरचा रिले चिकटलेला निघतो. अशा वेळी मेन स्विच बंद करून तो आधी बदलून घ्या.

दुसरी चूक: सेन्सर बदलायला लगेच हात घालणं

निम्म्या वेळा सेन्सर चांगला असतो, फक्त त्याला चुकीची हवा लागत असते. हल्लीच्या अनेक रिमोटमध्ये खोलीचं तापमान रिमोटच्या जागी मोजायची सोय असते. ते बटण चुकून दाबलं गेलं की एसी स्वतःचा सेन्सर बाजूला ठेवून रिमोटचं ऐकतो. मग रिमोट एसीच्या थेट झोतात पडलेला असेल तर मशीन लवकर कट होतं, आणि पांघरुणाखाली किंवा टीव्हीमागे असेल तर रात्रभर गारठवतं. रिमोटच्या स्क्रीनवर तसं चिन्ह दिसलं तर आधी ते बंद करा.

दुसरं कारण सर्व्हिसिंगनंतरचं. कॉइल धुताना सेन्सर क्लिपमधून काढतात आणि परत बसवताना घाई करतात. मणी कॉइलच्या पत्र्यांना टेकला की त्याला खोलीची हवा नाही, बर्फासारखी गार कॉइल जाणवते, आणि मशीन पाच मिनिटांत कट होतं. तक्रार धुलाईच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली असेल तर मी मल्टीमीटर बाहेरसुद्धा काढत नाही, आधी जाळी उघडून क्लिप बघतो. मणी पत्र्यांपासून थोडा सुटा, हवेत हवा. इनडोर युनिटखाली पडदा किंवा कपाट आडवं येऊन गार हवा परत वर वळत असेल तरी लक्षणं हीच.

तिसरी चूक: एकदाच मोजून निकाल देणं

काकूंच्या एसीत क्लिप जागेवर होती, रिमोटही नीट होता. आता मोजणं आलं. मेन स्विच बंद करून सेन्सरचा प्लग पीसीबीवरून काढा. प्लग लावलेला असताना कधीही मोजू नका. एक तर आकडा चुकतो, आणि काही पीसीबींवर सेन्सरची बाजूसुद्धा मेनच्या करंटपासून वेगळी केलेली नसते. मल्टीमीटर 20 किलोओहमच्या रेंजवर ठेवा, बर्फात मोजताना 200 च्या. दोन्ही प्रोबची उघडी टोकं बोटांनी धरू नका, नाहीतर अंगाचा रेझिस्टन्सही मोजला जातो.

रूम सेन्सर बऱ्याच एसीत 25 अंशांना 10 किलोओहमचा असतो. सगळीकडे तोच असं मात्र नाही, 5 आणि 15 चेही येतात. 10 च्या नेहमीच्या जातीचा असेल तर 0 अंशाला साधारण 33, 29 अंशांना 8.4 आणि 40 अंशांना 5.3 किलोओहम यायला हवेत. थोडा फरक चालतो.

तिथे खोली 29 अंशांवर होती आणि मीटर 10.0 दाखवत होता. म्हणजे पीसीबीला खोली 25 अंशांची वाटत होती. 24 वर लावलेला एसी मग चालू होणार, एखाद-दीड अंश उतरलं की काम झालं म्हणून थांबणार. तक्रारीचा उलगडा इथेच झाला. पण नेमकं काय बिघडलंय ते या एका आकड्यावरून कळत नाही. मणी गेलाय की तार, हे समजायला दोन टोकांना मोजावं लागतं.

एका वाटीत फोडलेला बर्फ आणि थोडं पाणी घ्या. सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी मण्याला घट्ट चिकटेल अशी दाबून, पाच मिनिटं बुडवून ठेवा. प्लग कोरडाच राहिला पाहिजे. आकडा लिहून घ्या. मग दुसऱ्या वाटीत थर्मामीटरने बघून 40 अंशांचं कोमट पाणी घ्या आणि तेच करा. उकळतं पाणी नको.

आम्हाला बर्फात 35 च्या आसपास आकडा मिळाला, म्हणजे जवळपास बरोबर. कोमट पाण्यात मात्र 5.3 ऐवजी 6.9. तिन्ही ठिकाणी साधारण 1.6 ची भर पडत होती. बर्फात 33 मध्ये ती दिसेनाशी होते, कोमट पाण्यात ठळक होते. अशी कायमची भर म्हणजे मणी चांगला आहे आणि त्याच्या रांगेत कुठेतरी वाईट जोड आहे. प्लगजवळ तार हलवून पाहिली तर आकडा 8.5 आणि 10 मध्ये उड्या मारू लागला. भिंगातून पाहिलं तर एका पिनेवर हिरवट गंज. लवकर कट होण्यामागे हा प्रकार मला वारंवार सापडतो.

न थांबणाऱ्या मशीनचं चित्र बरोबर उलटं असतं. मण्यात किंवा प्लगमध्ये ओल शिरली की दोन तारांमध्ये करंटला आडवाट मिळते आणि रेझिस्टन्स घटतो. समजा आडवाट 40 किलोओहमची आहे. खोली 22 अंशांवर आली तर सेन्सरचे 11.4 किलोओहम मीटरवर 8.9 दिसतात आणि पीसीबी 27-28 अंश समजते. मशीन थेट 18 पर्यंत खेचत नेतं. हा दोष कोमट पाण्यात जेमतेम दिसतो, पण बर्फात 33 च्या जागी 18 दाखवतो. म्हणून नुसतं हाताने मणी धरून 'आकडा कमी होतोय ना, मग सेन्सर चांगला' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ओल शिरलेला मणीसुद्धा हातात धरल्यावर अगदी शहाण्यासारखा वागतो.

चौथी चूक: हाताला लागेल तो सेन्सर बसवणं

10 च्या जागी 5 किलोओहमचा लावला तर 25 अंशांची खोली पीसीबीला 41-42 अंशांची दिसते आणि एसी कधीच थांबत नाही. 5 च्या जागी 10 चा लावला तर तीच खोली 10 अंशांची दिसते आणि कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. बदलायचा असेल तर मॉडेल नंबर देऊनच मागवा. रूम सेन्सर आणि कॉइल सेन्सर एकमेकांच्या जागी लावण्याची चूकही होते. ओळख सोपी आहे: कॉइलचा सहसा तांब्याच्या नळीत बसवलेला असतो, रूमचा उघडा काळा मणी.

काकूंच्या एसीला नवीन सेन्सर लागलाच नाही. गंजलेली पिन काढून नवी दाबून बसवली, पीसीबीवरच्या सॉकेटच्या पिना साफ केल्या. खोली अजून 29 वरच होती, मीटरने 8.4 दाखवले. प्लग लावला, तार तिच्या खाचेतून नेली आणि मणी क्लिपमध्ये बसवला. मेन स्विच चालू केल्यावर कॉम्प्रेसर सुरू व्हायला तीनेक मिनिटं लागतात, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "झालं का परत बंद?" त्यानंतर मशीन पाऊण तास चाललं आणि जाळीवरचा थर्मामीटर 24.5 वर आला तेव्हा थांबलं.