नुसतीच प्रश्नपत्रिका आली? या चुका टाळा

दहावीच्या बीजगणिताची प्रश्नपत्रिका क्लासच्या ग्रुपवर येऊन पडते. खाली एक अक्षर नाही. सराव चाचणी हवी, उत्तरं हवीत की कुठल्या प्रकरणावर किती आलंय ते हवं, हे पाठवणाऱ्याच्या पोटात. आणि क्लासमध्ये नवीन लागलेलं पोरगं लगेच पेन काढून सोडवायला बसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती मीही केली आहे. एका बाईंनी अशीच प्रश्नपत्रिका टाकली. मी रात्री दीडपर्यंत जागून सगळी उदाहरणं पायऱ्यांसकट सोडवली, फोटो ग्रुपवर टाकले आणि झोपलो. सकाळी फोन : "सर, अहो ती रविवारी मुलांकडून सोडवून घ्यायची होती!" मी फोटो उडवले, पण पोरं आपल्यापेक्षा लवकर उठतात. रविवारी चार वह्यांत एकच चूक निघाली. एका वर्गसमीकरणात ऋण चिन्ह गळलं होतं. ते माझंच.

तेव्हापासून आधी कागद बघतो. पर्यायांवर पेन्सिलीच्या खुणा, समासात कच्चं काम दिसलं, तर सोडवून झालंय, उत्तरं ताडायची आहेत. कोरी करकरीत असेल आणि परीक्षा तोंडावर असेल, तर सराव. तरीही उलगडा झाला नाही तर सरळ फोन करतो. फोन लागला नाही तर सराव चाचणी करून ठेवतो, कारण उत्तरं नंतर देता येतात, दिलेली परत घेता येत नाहीत.

सराव चाचणी करताना नुसते आकडे बदलू नका. x² − 5x + 6 = 0 मधल्या 6 चा 7 केलात की विवेचक 25 − 28 = −3, म्हणजे वास्तव मुळंच नाहीत, आणि मुलं अवयव शोधत बसतात. मी आधी मुळं ठरवतो. 3 आणि 5 घेतली की x² − 8x + 15 = 0 आपोआप मिळतं. दोन मिनिटं जास्त लागतात. तेवढीही ज्यांना जड वाटतात त्यांनी जुनाच पेपर तसाच द्यावा.

प्रकरणवार आराखड्यात गुणांची बेरीज 60 आली म्हणून घाबरू नका. पेपर 40 चाच असतो, वरचे 20 'कोणतेही दोन सोडवा'सारख्या पर्यायी प्रश्नांचे. पण शीर्षकात 'पर्यायांसह' लिहा, नाहीतर पालक विचारतात.

आणि उत्तरसूचीत नुसतं अंतिम उत्तर देऊ नका. चार गुणांच्या उदाहरणात गुण पायऱ्यांना असतात.